चावी लांबली तर

कोनमधल्या गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१६ साली निघाली. चाव्या हाती यायला अनेक वर्षे गेली. अशा विलंबाचा भार कुणावर, हे हप्ते ठरवतात.

समजा, बांधकामानुसार पैसे भरल्यास घर ४८ लाखांना : आज, वर्षाने, दोन वर्षांनी आणि तिसऱ्या वर्षी ताब्याला प्रत्येकी १२ लाख. ताब्यावर भर असल्यास ५२ लाख : आज १०.४, बाकी ताब्याला. दरसाल ९ टक्के धरून, म्हणजे प्रत्येक वर्षासाठी १.०९ने भागून, आजचे मूल्य काढले तर दोन्ही साधारण साडेबेचाळीस लाखच. ताबा दोन वर्षे लांबला, तर पहिले ४०.९, दुसरे ३७.४. वरचे चार लाख म्हणजे विलंबाचा विमा. मात्र तुमच्या नावावरचे कर्ज बिल्डरला आधीच मिळाले, तर तो विमा उरत नाही.