चाकापुढे उचलला जाणारा रूळ

चाकाखाली रूळ दबतो हे उघड आहे. पण थोडं पुढे तोच रूळ किंचित वर उचलला जातो. 1867 मध्ये विंकलर यांनी रुळाखालची जमीन म्हणजे सुट्या स्प्रिंगांची रांग मानली आणि हा आकार गणितात बसला. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळावर 10 टनांचं चाक आलं, तर मध्यम कडक आधारावर तो साधारण पावणेदोन मिलिमीटर दबतो. सव्वादोन मीटरवर खळगा संपतो. तीन मीटरवर उचल सर्वाधिक, तीही खळग्याच्या जेमतेम 4 टक्के. आधाराचा कडकपणा निम्म्यावर आला, तरी खळगा दुप्पट होत नाही, सुमारे 1.7 पट होतो, कारण वाकणारा रूळ भार आणखी दूरवर वाटतो. मात्र विंकलरची स्प्रिंग रुळाला खाली ओढूनही धरते. खडीला ते जमत नाही. तिथे उचल रोखतं ते रूळ-स्लीपरचं वजनच. खालचा आधार खचून स्लीपर अधांतरी राहिला, की तो प्रत्येक चाकागणिक आपटतो आणि भरडलेल्या खडीची पांढरट भुकटी त्याच्या कडेला दिसू लागते.