सुई टोचल्यानंतरचे पहिले दोन तास

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा गडचिरोलीशी संपर्क तुटण्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. अशा दिवशी हिवतापाच्या तपासणीसाठी रक्त घेताना वापरलेली सुई परिचारिकेच्याच बोटात रुतली, असे समजू. तिने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी; बोट पिळू नये, तोंडात घालू नये, जंतुनाशकही चोळू नये. लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून घटनेची वेळ नोंदवावी, कारण पुढील सारी गणना त्या वेळेपासून होते.

एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा शक्यतो २ तासांत घ्यावी. ७२ तास उलटल्यावर ती दिली जात नाही. रुग्णाच्या रक्ताच्या अहवालासाठी थांबू नये. अहवाल निर्दोष आल्यास औषध बंद करता येते. अन्यथा ते २८ दिवस घ्यावे लागते. कावीळ-ब ची लस पूर्वी घेतली नसल्यास तीही त्वरित टोचून घ्यावी.

परिचारिकेचे रक्तही प्रारंभीच तपासावे. तेव्हाचा निर्दोष अहवाल नोंदीत नसेल, तर पुढे आढळलेला संसर्ग कामावरच झाला, हे सिद्ध करणे अवघड जाते. त्यानंतर ६ आठवडे, ३ महिने व ६ महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी.

पुराच्या दिवशी औषध जिल्ह्याहून आणणे शक्य नसते. म्हणून पहिली मात्रा आपल्या आरोग्य केंद्रात आहे काय, हे पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच विचारून घ्यावे.