कोलेस्टेरॉल निर्दोष कसं ठरलं?

ब्रिटनमध्ये २००७ साली 'क्यूरिस्क' हे हृदयविकाराचा धोका मोजणारं सूत्र प्रसिद्ध झालं. आधाराला लाखो रुग्णांच्या नोंदी होत्या. पण त्यातून निघालं भलतंच: कोलेस्टेरॉलच्या गुणोत्तराचा हृदयविकाराशी जवळपास संबंधच नाही! जाणकारांनी भुवया उंचावल्या.

सुमारे ७० टक्के रुग्णांची ही नोंदच नव्हती. वय, वजन, रक्तदाब पाहून संगणकाने रिकाम्या जागी अंदाजी आकडे भरले होते. याला इम्प्युटेशन म्हणतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र आकडा भरताना त्या रुग्णाला पुढे हृदयविकार झाला की नाही, हेही विचारात घ्यावं लागतं. ही चोरवाट वाटेल. पण ते वगळलं, तर भरलेले आकडे आजाराशी नातं नसल्यासारखेच पडतात. दहातले सात आकडे असे असले की उरलेल्या तिघांतलं खरं नातंही फिकं पडतं.

संशोधकांनी फक्त पूर्ण नोंदींचे रुग्ण घेतले, तेव्हा संबंध स्पष्ट दिसला. भरण्याची पद्धत सुधारल्यावरही तो दिसला.

म्हणून पूर्ण नोंदीच घ्याव्यात का? तेही धोक्याचंच. ज्याची प्रकृती शंकास्पद वाटते, त्यालाच डॉक्टर तपासणी लिहून देतात. मग उरतात ते निवडक रुग्ण. शोधनिबंधात दोन्ही निष्कर्ष शेजारी-शेजारी हवेत. त्यांत मोठी तफावत असेल, तर आकडे नेमके कशावरून भरले ते आधी वाचावं.