पोथ्यांचे झाड

समजा, एकाच काव्याच्या चार पोथ्या आपल्यापुढे आहेत. क-ख यांत पाठभेद 3, ग-घ यांत 5. पण या दोन जोड्यांमध्ये सरासरी 20. सर्वांत जवळच्या क-ख आधी जोडाव्यात, मग ग-घ, शेवटी दोन्ही जोड्या. प्रत्येक सांधा त्या-त्या आकड्याइतका उंच काढला, की झाले झाड! चित्रात ख आणि ग शेजारी दिसतात खरे, पण ते शेजारपण फसवे. फांदी सांध्यापाशी फिरवली, तर ग शेजारी क येईल! जवळीक मोजावी ती सांध्याच्या उंचीवरून. 5 आणि 20 यांच्या मध्ये आडवी रेघ ओढली, की दोन घराणी वेगळी होतात. मात्र मूळ पोथी कोणती, हे झाड सांगत नाही. ते फक्त साम्य दाखवते.