यंत्राची चिठ्ठी आणि चष्म्याचा नंबर

चष्म्याच्या दुकानांच्या शिबिरांच्या फलकावर ‘कॉम्प्युटरद्वारे अचूक तपासणी’ हे शब्द हमखास असतात. प्रामाणिक ऑप्टिशियनने फलक लिहिला, तर तो साधारण असा असेल:

मोफत नेत्रतपासणी शिबिर
रविवार, सकाळी १० ते दुपारी १
निवडक फ्रेमवर ३० टक्के सूट. काचांचे पैसे वेगळे.
सूचना: यंत्राची चिठ्ठी हा अंतिम नंबर नाही, तक्त्यावर पडताळूनच नंबर दिला जाईल. शाळकरी मुलांचा पहिला नंबर नेत्रतज्ज्ञांकडून पक्का करून घ्यावा. मधुमेह असल्यास आधी सांगावे. येथे काचबिंदूची किंवा पडद्याची तपासणी होत नाही.

यातली सूचना जाहिरातीपेक्षा लांब आहे, आणि त्याला कारण आहे.

शिबिरात हनुवटी टेकवून आपण ज्यात डोकावतो, ते यंत्र म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टोमीटर. ते डोळ्यात अवरक्त किरण सोडतं, पडद्यावरून परतलेला प्रकाश मोजतं आणि काही सेकंदांत नंबर छापून देतं. आत दिसणारा रंगीत फुगा किंवा रस्त्याच्या टोकाचं घर मुद्दाम धूसर होत जातं, कारण डोळ्याने लांब पाहावं आणि आतलं भिंग सैल सोडावं अशी अपेक्षा असते. पण यंत्र नाकासमोर आहे हे डोळ्याला जाणवत असतं. त्यामुळे तो जवळचं पाहताना ताणतो तसा ताणला जातो आणि उणे नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघतो. भिंग जितकं लवचीक, तितकी ही चूक मोठी. म्हणून ती मुलांमध्ये जास्त दिसते.

समजा, आठवीतल्या मुलीच्या चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांसाठी उणे १.७५ आलं. तोच चष्मा बनवला तर तिला फळा स्वच्छ दिसेल आणि ती तक्रारही करणार नाही, कारण जादा उणे नंबर तिचं भिंग ताण घेऊन झाकून टाकेल. थकवा, डोकेदुखी हे अभ्यासाला बसल्यावर सुरू होऊ शकतं. म्हणून नीट तपासणारा उलट बाजूने येतो. एका वेळी एकच डोळा उघडा ठेवून ट्रायल फ्रेममध्ये आधी उणे ०.७५ची काच घालतो. सहा मीटरवरच्या तक्त्यावरची बारीक अक्षरं धूसर दिसतात. मग पाव-पाव नंबर वाढवतो. उणे १.२५ला ती ६/६ची ओळ वाचते. उणे १.५०ला नवं अक्षर एकही वाचता येत नाही; ‘अक्षरं जास्त काळी दिसतात’ एवढंच ती म्हणते. म्हणजे नंबर उणे १.२५. खात्रीसाठी लाल-हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवतात. हिरव्यावरची ठळक दिसली, तर उणे जास्त झालं. तरीही उत्तरं डळमळीत असतील, तर डोळ्यात थेंब टाकून भिंगाचे स्नायू तात्पुरते शिथिल करावे लागतात, आणि ते काम नेत्रतज्ज्ञांचं.

मधुमेहाची सूचना वेगळ्या कारणासाठी. साखर चढली-उतरली की डोळ्यातल्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर नंबरही सरकतो. त्या दिवशी काढलेला नंबर बरोबरच असतो, पण साखर आटोक्यात आल्यावर तो चष्मा निरुपयोगी ठरू शकतो. साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावर नंबर काढलेला बरा.

आता सवलतीची फ्रेम. तिच्या दांडीच्या आत ५४-१८ असे आकडे असतात: एका काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, नाकावरचा पूल १८. म्हणजे फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ७२. तुमच्या बाहुल्यांमधलं अंतर ६० असेल, तर प्रत्येक काचेचा प्रकाशीय मध्य ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवून बसवायला हवा. तो न सरकवता उणे ४ची काच बसवली, तर प्रत्येक डोळ्यासमोर २.४ प्रिझमची चूक होते. एकच चित्र दिसावं म्हणून दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, आणि तशी वळण्याची त्यांची क्षमता फारच मर्यादित असते. नंबर बरोबर असूनही चष्मा ‘लागत नाही’, त्याचं एक कारण हे. उणे १च्या काचेत हीच चूक ०.६ एवढीच राहते, म्हणून बारीक नंबरवाल्यांना ती सहसा जाणवत नाही.

हे दुकानातच तपासता येतं. तयार चष्मा लेन्सोमीटरवर ठेवून दोन्ही काचांच्या मध्यावर शाईचा ठिपका मारायला सांगा आणि ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. लांबच्या चष्म्यात ते तुमच्या बाहुल्यांच्या अंतराशी जुळलं पाहिजे. नसेल जुळत, तर काचा पुन्हा बसवून मागा.