जांभळी कुपी पिवळी झाली तर

शस्त्रक्रियेच्या कपड्यांचा गठ्ठा ऑटोक्लेव्हमधून बाहेर येतो, तेव्हा त्यावरच्या टेपवर काळ्या रेघा उमटलेल्या असतात. रेघा दिसल्या की काम झालं, असं अनेक लहान रुग्णालयांत धरून चालतात. प्रत्यक्षात ती टेप एवढंच सांगते की हा गठ्ठा तापलेल्या यंत्रात जाऊन आला आहे. आत घड्यांच्या मधोमध वाफ पोहोचली का आणि हवा तेवढा वेळ तिथे टिकली का, हे बाहेरच्या टेपला कळण्याचा मार्गच नाही. त्याची खात्री करायची तर एखादा चिवट जिवाणू आत पाठवायचा आणि तो मेला का ते बघायचं.

या कामासाठी निवडलेला जिवाणू म्हणजे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. त्याचं पहिलं वर्णन 1920 साली अमेरिकेत झालं, तेही खराब झालेल्या डबाबंद अन्नातून. हा डब्यात वाढला तर वायू तयार करत नाही, त्यामुळे डबा फुगत नाही. आतलं अन्न मात्र आंबट होतं. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो बीजाणूच्या रूपात जातो. हे बीजाणू वाफेला इतके दाद देत नाहीत की त्यांना मारणारी वाफ रुग्णालयातल्या नेहमीच्या जंतूंचा सहज निकाल लावते. शिवाय हा जिवाणू वाढतो 55 ते 60 अंश सेल्सिअसला. माणसाच्या शरीरात त्याला थंडी वाजेल, म्हणून हाताळायलाही धोका नाही.

बाजारात मिळणारी चाचणी-कुपी बोटाच्या पेराएवढी असते. तिच्यात लाखो बीजाणू वाळवलेली कागदी पट्टी असते आणि नाजूक काचेच्या नळीत जांभळं पोषकद्रव्य. ऑटोक्लेव्हची फेरी संपली की कुपी थंड होऊ द्यायची, मग दाबून आतली काच फोडायची, पट्टी द्रवात भिजली की कुपी साधारण 56 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. एकही बीजाणू जगला असेल तर तो वाढतो, आम्ल तयार करतो आणि जांभळा द्रव पिवळा पडतो. डब्यातलं अन्न आंबवणारं तेच आम्ल इथे निरोप्याचं काम करतं. साध्या कुपीचा निकाल यायला एक ते दोन दिवस लागतात.

सोबत त्याच बॅचची दुसरी कुपी ऑटोक्लेव्हमध्ये न घालता थेट इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. ती पिवळी झालीच पाहिजे. नाही झाली, तर बीजाणू आधीच मेलेले असतील किंवा इन्क्युबेटर बिघडलेला असेल. मग पहिल्या कुपीचा जांभळा रंग बघून खूश होण्यात अर्थ नाही. ही दुसरी कुपी वाचवण्याची काटकसर ज्या ठिकाणी चालते, तिथे चाचणी केली काय आणि न केली काय, सारखंच.

वेळ आणि तापमानाचा हिशेब इथे थोडा उलगडून बघायला हवा. समजा पट्टीवर दहा लाख बीजाणू आहेत आणि 121 अंशांना दर 2 मिनिटांत त्यांतले नव्वद टक्के मरतात. म्हणजे 2 मिनिटांनी एक लाख उरतात, 4 मिनिटांनी दहा हजार, आणि 12 मिनिटांनी सरासरी एक. 16 मिनिटं वाफ मिळाली तर एखादा बीजाणू जगण्याची शक्यता शंभरात एक इतकीच राहते. आता तापमान फक्त 6 अंशांनी कमी, म्हणजे 115 धरा. त्याच कामाला साधारण चौपट, म्हणजे 8 मिनिटं लागतात. 16 मिनिटांत संख्या दोनदाच दहापट घटते आणि दहा हजार बीजाणू जिवंत राहतात. टेपवरच्या रेघा तरीही उमटू शकतात.

हे 6 अंश कुठे जातात? बहुतेक वेळा आत अडकलेल्या हवेपायी. दाबमापकावर 15 पौंड दाब दिसतो, पण तो निव्वळ वाफेचा आहे की हवा मिसळलेल्या वाफेचा, हे काटा सांगत नाही. सगळी हवा बाहेर गेली असेल तर त्या दाबाला 121 अंश मिळतात. दोन तृतीयांशच गेली असेल तर सुमारे 115. हवा वाफेपेक्षा जड असल्याने तळाशी, निचऱ्याच्या तोंडाजवळ साचते. म्हणूनच चाचणी-कुपी वरच्या फळीवर, हाताला सोयीच्या जागी ठेवायची नसते. ती भरलेल्या गठ्ठ्याच्या पोटात घालून, वाफेला पोहोचायला सर्वांत अवघड अशा ठिकाणी ठेवतात. जैववैद्यकीय कचऱ्याबाबतच्या आपल्याकडच्या 2016 च्या नियमांतही हाच विचार आहे: चार पट्ट्यांपैकी एक बाहेर तुलनेसाठी ठेवायची, तीन कचऱ्याच्या तीन डब्यांच्या मध्यभागी, आणि त्यांतला एक डबा ढिगाच्या तळाशी मधोमध.

तळाच्या हवेची किंमत इंग्लंडमधल्या प्लिमथने मोजली आहे. 1972 मध्ये तिथल्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात शिरेतून दिलेल्या ग्लुकोजच्या द्रावणात जिवाणू निघाले आणि पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला गेला. चौकशी समितीला आढळलं, की आदल्या वर्षी कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये तळाशी हवा राहिली होती. खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या, वरच्या मात्र व्यवस्थित तापल्या होत्या. तापमान नोंदवणारं उपकरण वेगळं काही सांगत होतं, पण बिघाड उपकरणातच असावा असं मानून काम पुढे रेटलं गेलं.

आता कुपी पिवळी निघाली, तर पुढे काय? एक नमुना-प्रसंग धरू. चाळीस खाटांचं रुग्णालय, दर सोमवारी चाचणी. बुधवारी सकाळी आतली कुपीही पिवळी आणि बाहेरचीही. याचा अर्थ त्या फेरीत बीजाणू जगले. सोमवारचं प्रत्येक अवजार दूषित आहे असं यातून सिद्ध होत नाही, कारण अवजारांवर मुळात इतके चिवट जंतू क्वचितच असतात. पण ते निर्जंतुक आहे असं म्हणायचा आधार गेला. म्हणून पहिलं काम, ऑटोक्लेव्ह वापरातून काढायचा आणि त्यातला न वापरलेला माल बाजूला ठेवायचा.

मग नोंदवही उघडायची. तापमानाचा आलेख नीट आहे का, वेळ चुकीची लावली होती का, गठ्ठे ओले निघाले होते का, हे बघायचं. आमच्या प्रसंगात आलेख ठीक निघतो. घोळ निघतो कपड्यांच्या ड्रममध्ये: ड्रमच्या भोकांवरची सरकती पट्टी आत ठेवताना उघडायचीच राहिली होती, आणि चादरी ठासून भरल्या होत्या. वाफ ड्रमभोवती फिरली, आत शिरली नाही.

कारण हाती आलं तरी तेवढ्यावर यंत्र सुरू करत नाहीत. पट्टी उघडी ठेवून, सैल भरलेल्या ड्रममध्ये त्याच ठरलेल्या फेरीने पुन्हा चाचणी घेतात. यंत्रात मोठी दुरुस्ती करावी लागली असेल, तर सलग तीन फेऱ्यांच्या कुप्या जांभळ्या राहिल्यावरच ते वापरात येतं.

खरा त्रासदायक भाग मागच्या आठवड्याचा असतो. आधीची कुपी गेल्या सोमवारी जांभळी राहिली होती. तिच्यानंतर पट्टी नेमकी कधीपासून बंद राहिली, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे गेल्या सोमवारपासून निघालेला त्या ऑटोक्लेव्हचा सगळा माल परत बोलवायचा, पुन्हा धुवून-बांधून निर्जंतुक करायचा. जो रुग्णांवर वापरून झाला, त्याची यादी संसर्ग-नियंत्रण समितीकडे जाते. गठ्ठ्यावर फेरीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असेल तर हे काम तासाभरात होतं. नसेल तर कपाटच्या कपाट रिकामं करावं लागतं. शरीरात कायमचे बसवायचे खिळे-पट्ट्या असतील, तर त्या फेरीसोबत दर वेळी कुपी ठेवतात आणि तिचा निकाल येईपर्यंत माल शस्त्रक्रियागृहात पाठवत नाहीत, कारण एकदा हाडात बसवलेला खिळा परत बोलावता येत नाही.