तुरुंगातील गर्दी कमी करण्याविषयीचे धोरण-टिपण

तुरुंगातील गर्दी कमी करण्याविषयीचे धोरण-टिपण हा गुन्हेगारीशास्त्राच्या अभ्यासक्रमात दिला जाणारा एक लेखनप्रकार आहे. यात विद्यार्थी राज्य शासनाच्या गृह विभागातील निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी दोन ते चार पानांचा मजकूर तयार करतो. त्यात समस्या कोणत्या आकड्यांनी दिसते, तिचे कारण काय, शासनाने कोणता आदेश काढावा आणि त्याने किती फरक पडेल, एवढेच असते. निबंधात तुरुंगसुधारणेचा इतिहास सांगता येतो, टिपणात त्याला जागा नसते. भारतात ‘तुरुंग’ हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत (नोंद 4) येत असल्याने टिपण राज्य शासनाला उद्देशून लिहिले जाते. या लेखात महाराष्ट्राचे उदाहरण घेतले आहे.

गर्दीचे मोजमाप

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगविषयक सांख्यिकी प्रसिद्ध करतो. तिच्यानुसार 31 डिसेंबर 2022 रोजी भारतातील तुरुंगांची अधिकृत क्षमता 4,36,266 होती आणि त्यांत 5,73,220 बंदी होते, म्हणजे प्रमाण 131.4 टक्के होते. यांपैकी 4,34,302 जण न्यायाधीन बंदी होते, ज्यांना बोलीभाषेत ‘कच्चे कैदी’ म्हणतात. दर चार बंद्यांपैकी तिघांचा खटला अद्याप संपलेला नव्हता.

सरासरीवर टिपण उभे करणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक असते. मुंबई मध्यवर्ती कारागृहाची (आर्थर रोड) अधिकृत क्षमता दीर्घकाळ 804 होती आणि तेथील बंद्यांची संख्या अनेकदा त्याच्या तिपटीहून अधिक राहिली. त्याच राज्यात पैठण किंवा मोर्शी येथील खुली कारागृहे आहेत, पण त्यांत केवळ निवडक सिद्धदोष बंद्यांना ठेवता येते. तेथील रिकामी जागा आर्थर रोडच्या न्यायाधीन बंद्याला मिळू शकत नाही. म्हणून टिपणात राज्याऐवजी एक कारागृह किंवा एक जिल्हा घेणे अधिक उपयोगी ठरते.

‘क्षमता’ हा आकडाही तपासून घ्यावा लागतो. आदर्श कारागृह नियमावलीनुसार बराकीत प्रत्येक बंद्यासाठी 3.71 चौरस मीटर जागा अपेक्षित आहे. जुन्या इमारतीची क्षमता कागदोपत्री वाढवली की बंद्यांना एक इंचही अधिक न मिळता टक्केवारी खाली येते. दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना क्षमता बदलली आहे का, हे आधी पाहिले जाते.

आवक आणि मुक्काम

टिपणाचे विश्लेषण एका साध्या संबंधावर उभे असते. तुरुंगात कोणत्याही दिवशी असणारी संख्या ही वर्षाची आवक गुणिले सरासरी मुक्काम (वर्षांत) इतकी असते. हा संबंध मांडला नाही, तर कोणता उपाय किती जागा मोकळ्या करील हे सांगता येत नाही आणि टिपण सदिच्छांची यादी बनते.

उदाहरणादाखल 300 क्षमतेचे एक काल्पनिक जिल्हा कारागृह घेता येईल. समजा तेथे वर्षाला 1,200 जण दाखल होतात. यांपैकी 600 जण सरासरी 15 दिवसांत सुटतात, 500 जण सुमारे पाच महिने राहतात आणि 100 जण गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यांत तीन वर्षे राहतात. पहिल्या गटामुळे रोज सुमारे 25, दुसऱ्यामुळे 208 आणि तिसऱ्यामुळे 300 जागा व्यापलेल्या असतात. एकूण संख्या 533, म्हणजे क्षमतेच्या 178 टक्के.

या आकडेमोडीचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटतो. किरकोळ गुन्ह्यांतील अटक निम्म्यावर आणली, तरी केवळ 12 ते 13 जागा मोकळ्या होतात. अनावश्यक अटक टाळण्याची कारणे भक्कम आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र गर्दीवरचा मुख्य उपाय म्हणून ते सुचवले, तर आकडे साथ देत नाहीत. आवकीत अर्धा वाटा असलेला गट जागांपैकी पाच टक्केसुद्धा व्यापत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी वाचतानाही हेच भान लागते. तीत 31 डिसेंबर या एका दिवशी आत असलेल्यांची मोजदाद असते. दीर्घकाळ राहणारे या मोजदादीत अधिक सापडतात आणि दोन आठवड्यांत सुटणारे बहुतांशी निसटतात. त्यामुळे प्रवेश व सुटका यांच्या तारखा वेगळ्या मिळवाव्या लागतात. त्यांसाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केल्यास उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. सत्राच्या शेवटच्या महिन्यात केलेला अर्ज निरुपयोगी ठरतो.

जामीन मंजूर, सुटका नाही

वरील मधल्या गटात शासनाच्या हाती असलेला सर्वात स्पष्ट उपाय आढळतो. जामिनाचा आदेश होऊनही अनेक बंदी आतच राहतात, कारण त्यांना जामीनदार मिळत नाही, जामीनदाराकडे ऐपतीचा दाखला नसतो किंवा रोख रक्कम भरता येत नाही. परजिल्ह्यातून आलेल्या मजुराची अडचण अधिक असते. मोती राम प्रकरणात (1978) मध्य प्रदेशातील एका गवंड्याला 10,000 रुपयांचा जामीन सांगून परजिल्ह्यातील जामीनदार नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने ही अट फेटाळली, पण अडचण संपली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी याबाबत कालमर्यादा घालून दिली. जामिनाचा आदेश न्यायालयाने त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांना पाठवायचा आहे. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आहे. महिनाभरात बंधपत्र सादर न झाल्यास न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. याच वर्षी केंद्रीय गृह मंत्रालयाने गरीब बंद्यांसाठी सहाय्य योजना सुरू केली. तीत 2023 मध्ये न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत आणि सिद्धदोष बंद्याला दंड भरण्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती.

काल्पनिक कारागृहाच्या मधल्या गटातील 250 जण आदेशानंतर सरासरी दोन महिने अडकतात असे धरल्यास त्यांनी व्यापलेल्या जागा सुमारे 42 होतात. हा काळ एका आठवड्यावर आणल्यास पाचच जागा लागतात. म्हणजे नवीन कायदा न करता आणि एकही वीट न रचता 37 जागा मोकळ्या होतात. टिपणात मागायचा आदेशही नेमका असतो: प्रत्येक अधीक्षकाने दर सोमवारी ‘जामीन मंजूर, सुटका प्रलंबित’ अशी नावनिशीवार यादी काढावी, तीत आदेशाची तारीख व अडकल्याचे कारण लिहावे आणि ती विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी. कारण लिहिले नसेल तर पैसे नसलेला, दुसऱ्या गुन्ह्यात अटकेत असलेला आणि आदेशच न पोहोचलेला बंदी एकाच रकान्यात जातात. अशा यादीवर कोणालाही कृती करता येत नाही.

कलम 479 आणि त्याच्या मर्यादा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 (1 जुलै 2024 पासून लागू) विद्यार्थ्यांच्या टिपणांत हमखास येते. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक-तृतीयांश काळानंतर जामिनावर सोडावे, असे ते सांगते. साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणून पहिल्या वेळच्या आरोपीसाठी ही मर्यादा एक वर्ष आणि इतरांसाठी दीड वर्ष होते. अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकावर टाकलेले आहे. कायदा लागू होण्यापूर्वीच्या प्रकरणांनाही हे कलम लागू होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2024 रोजी स्पष्ट केले.

तथापि, मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणारे गुन्हे यातून वगळले आहेत. वरील उदाहरणातील तीन वर्षे राहणारे 100 जण बहुतांशी अशाच गुन्ह्यांतील असतील, तर कलम 479 त्यांना शिवतही नाही. पोटकलम (2) नुसार एकाहून अधिक गुन्ह्यांचा किंवा अनेक प्रकरणांचा तपास वा खटला प्रलंबित असलेल्यालाही लाभ मिळत नाही. चोरीच्या चार गुन्ह्यांतील आरोपी यात अडकतो, आणि किरकोळ चोऱ्यांत असे आरोपी थोडे नसतात. पात्र बंद्यांची संख्या केवळ कोठडीच्या कालावधीवरून काढली, तर ती फुगलेली निघते. कलमे आणि प्रलंबित प्रकरणे नावनिशीवार तपासल्याशिवाय टिपणात आकडा देऊ नये.

तिसऱ्या गटासाठी खटल्याचा काळ कमी करणे हाच मार्ग उरतो. शासन न्यायालयाला वेग देऊ शकत नाही, पण बंद्याला न्यायालयात नेणारे पोलीस पथक (कैदी पार्टी) वेळेवर देणे, न्यायवैद्यक अहवाल आणि सरकारी साक्षीदार हजर ठेवणे हे त्याच्या अखत्यारीत येते. तीन वर्षांचा मुक्काम अडीच वर्षांवर आला, तर 50 जागा मोकळ्या होतात.

एकदाची सुटका

कोविड साथीत सर्वोच्च न्यायालयाच्या 23 मार्च 2020 च्या आदेशानुसार राज्यांत उच्चाधिकार समित्या नेमल्या गेल्या आणि अनेक बंद्यांना तात्पुरते सोडण्यात आले. तरीही देशातील प्रमाण 2019 अखेरीस 118.5, 2020 अखेरीस 118 आणि 2021 अखेरीस 130.2 टक्के होते. खटले मंदावल्याने आत असलेल्यांचा मुक्काम लांबला असणार, हे यामागील एक संभाव्य कारण आहे. एकदाच केलेल्या सुटकेने त्या दिवसाची संख्या उतरते, पण आवक आणि मुक्काम तसेच राहिल्यास तुरुंग पुन्हा भरतो. म्हणून टिपणात एकरकमी सुटका आणि कायमची घट यांचे आकडे वेगळे दाखवले जातात.

शिफारशीची मांडणी

टिपणाचा पहिला परिच्छेद शिफारशीचा असतो, कारण वाचणारा अधिकारी अनेकदा तेवढाच वाचतो. वरील उदाहरणासाठी तो असा होऊ शकेल:

‘या कारागृहात 300 जागांत 533 बंदी आहेत. सुमारे 42 जागा जामीन मंजूर झालेल्यांनी व्यापल्या आहेत. साप्ताहिक यादी आणि गरीब बंदी सहाय्य योजनेचा वापर यांचा आदेश काढल्यास यांतील 37 जागा मोकळ्या होतील. खटल्यांतील हजेरी सुधारल्यास आणखी 50 जागांची घट शक्य आहे, मात्र तिला दोन ते तीन वर्षे लागतील. दोन्ही उपायांनंतरही प्रमाण सुमारे 149 टक्के राहील.’

शेवटचे वाक्य अनेक विद्यार्थी गाळतात. ते गाळल्यास गर्दी संपेल असा समज होतो आणि वर्षाने 446 बंदी मोजणारा अधिकारी चालू असलेला उपायच बंद करतो. परिणाम तपासण्यासाठी एकूण बंदीसंख्येपेक्षा जामिनाचा आदेश ते प्रत्यक्ष सुटका यांतील दिवसांची मध्यक संख्या घेतली जाते. एखाद्या मोठ्या अटकसत्राने बंदीसंख्या महिन्याभरात वर जाऊ शकते, पण हे दिवस त्यामुळे सहसा वाढत नाहीत.